ही उपमा कोणाची?

१८५७ च्या जानेवारीअखेरीस पॅरिसमध्ये एका कादंबरीवर खटला उभा राहिला. आरोपी तिघे होते: लेखक ग्युस्ताव फ्लोबेर, ही कादंबरी क्रमशः छापणाऱ्या नियतकालिकाचा संपादक आणि मुद्रक. सार्वजनिक नीतीला आणि धर्माला बाधा आणल्याचा आरोप त्यांच्यावर होता. कादंबरीचं नाव 'मादाम बोव्हारी'. सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांनी कादंबरीतले उतारेच्या उतारे न्यायालयात वाचून दाखवले. त्यांतला एक उतारा असा होता. एम्मा बोव्हारी ही छोट्या गावातल्या डॉक्टरची बायको. नवऱ्याला कंटाळलेली. परपुरुषाशी पहिल्यांदा संबंध आल्यावर ती घरी येते आणि आरशात बघते. आपण कधी नव्हे इतक्या सुंदर दिसतोय असं तिला वाटतं. आपल्याला प्रियकर आहे या कल्पनेने ती अशी हरखते, जणू दुसऱ्यांदा वयात येत असावी. मग तिच्यासमोर सुखाचं एक अद्भुत जग उघडल्याचं वर्णन येतं.

पिनार यांचं म्हणणं होतं की हा व्यभिचाराचा गौरव आहे आणि तो लेखकाने केला आहे. वाक्यं तृतीयपुरुषी, निवेदन लेखकाचं, म्हणजे मतही लेखकाचंच. बचावाचे वकील झ्यूल सेनार यांनी कादंबरीचा हेतू नीतीचाच असल्याचं सांगून किल्ला लढवला. ७ फेब्रुवारीला निकाल लागला. न्यायालयाने कादंबरीवर ताशेरे ओढले, पण आरोपींना निर्दोष सोडलं.

पुढे जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी नेमक्या याच उताऱ्याकडे बोट दाखवलं. ते अद्भुत जग, ते दुसऱ्यांदा वयात येणं फ्लोबेरचं नव्हतंच. ते एम्माच्या डोक्यातलं होतं. प्रेमकथा वाचून वाचून तिच्या डोक्यात जी भाषा भरली होती, त्याच भाषेत ती स्वतःच्या आयुष्याकडे बघत होती. फ्लोबेरने 'ती मनाशी म्हणाली' असे शब्द जागोजाग न घालता तिचे विचार निवेदनात सरळ मिसळून दिले होते. या पद्धतीला समीक्षेत 'मुक्त अप्रत्यक्ष कथन' म्हणतात. व्याकरण निवेदकाचं, मन पात्राचं. सरकारी वकिलाला फक्त व्याकरण दिसलं.

साहित्याच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या विद्यार्थ्याकडूनही हीच गफलत होते, आणि त्याला अभ्यासक्रमाची मांडणी काही अंशी कारणीभूत आहे. रूपक, उपमा, उत्प्रेक्षा हे सारं कवितेच्या किंवा अलंकाराच्या पेपरात येतं. निवेदक, निवेदनपद्धती, दृष्टिकोन हे कादंबरीच्या पेपरात. दोन वेगळ्या वह्या, दोन वेगळे प्रश्न. मग कादंबरीत एखादं रूपक समोर आलं की विद्यार्थी लिहितो, 'येथे लेखकाने सुंदर रूपक वापरले आहे.' या वाक्यात 'सुंदर' हा शब्द निरुपयोगी आहे हे बहुतेक शिक्षक सांगतात. खरी शंका मात्र 'लेखकाने' या शब्दाविषयी घ्यायला हवी. कथा-कादंबरीत रूपक भेटलं की पहिला प्रश्न असा विचारायचा: हे कोणाला सुचलं?

त्यासाठी आधी रूपक कसं चालतं ते पाहू. शाळेत उपमेय आणि उपमान शिकवलेलं असतं. ज्याविषयी बोलायचं ते उपमेय, ज्याच्याशी त्याची तुलना होते ते उपमान. उपमेत 'सारखा', 'जसा', 'प्रमाणे' असा शब्द मध्ये उभा असतो, रूपकात तो गळतो आणि दोन्ही एकरूप होतात. इंग्रजी समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ साली 'द फिलॉसॉफी ऑफ ऱ्हेटरिक' या पुस्तकात रूपकाच्या याच दोन अंगांना 'टेनर' आणि 'व्हेइकल' अशी नावं दिली. इंग्रजी साहित्याच्या वर्गात आजही तीच चालतात. इथे रूपक हा शब्द सैल अर्थाने, उपमेलाही सामावून घेऊन वापरला आहे.

उपमेय बहुतेक वेळा प्रसंगातच असतं. पाऊस पडतोय तर पाऊस, गर्दी आहे तर गर्दी. उपमान मात्र प्रसंगात नसतं, ते कुठून तरी आणावं लागतं. आणि माणूस ते स्वतःजवळच्या साठ्यातूनच आणतो. त्याचा धंदा, गाव, बालपण, भीती, वाचन यांतून. दादरला लोकलमधून उतरणारी गर्दी घ्या. 'डब्याने माणसं चोथ्यासारखी बाहेर टाकली' असं एखाद्या कथेतला निवेदक म्हणाला, तर त्याचा उसाच्या गुऱ्हाळाशी काही संबंध असावा असं वाटतं. 'दाराशी गर्दीची शिवण उसवली' म्हणणारा शिवणयंत्रावर बसलेला असावा. 'घंटा झाल्यासारखी माणसं सुटली' म्हणणारा बहुधा शिक्षक, किंवा शाळेतून मनाने कधी बाहेरच न पडलेला कोणी. तिन्ही वाक्यांत गर्दी तीच आहे. त्यांतून गर्दीविषयी फारसं नवं काही कळत नाही, बोलणाऱ्याविषयी बरंच कळतं.

म्हणजे कथेतलं रूपक दोन कामं एकदम करत असतं. ते एखादी वस्तू दाखवतं, आणि ती वस्तू बघणाऱ्याचं मनही उघडं करतं. कवितेच्या पेपरात पहिल्या कामावर भर असतो. कादंबरी वाचताना दुसरं काम जास्त मोलाचं ठरतं.

आता दृष्टिकोन. प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वसाक्षी ही विभागणी सगळ्यांना पाठ असते, पण तिच्यात एक गोंधळ दडलेला आहे. फ्रेंच अभ्यासक जेरार जनेत यांनी १९७२ साली तो सोडवला. आपण दोन वेगळे प्रश्न एकाच नावाखाली विचारतो, असं त्यांनी दाखवलं. पहिला प्रश्न, बोलतंय कोण? दुसरा प्रश्न, बघतंय कोण? या दोन प्रश्नांची उत्तरं नेहमी एक असतातच असं नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी 'फोकलायझेशन' ही संज्ञा रूढ केली. कथेतलं जग कोणाच्या जाणिवेतून गाळून वाचकापर्यंत येतं, असा तिचा साधा अर्थ.

एक रचलेलं उदाहरण घेऊ. सात वर्षांचा बंडू खिडकीशी उभा राहून वडिलांची वाट बघतो आहे. वाक्य असं लिहिलं: 'बंडू खिडकीशी उभा होता. बाबा आता कधीच येणार नव्हते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.' इथे बोलणारा निवेदक आहे आणि जाणणाराही निवेदकच, कारण बंडूला माहीत नसलेली गोष्ट तो सांगतोय. आता हे वाक्य बघा: 'बंडू खिडकीशी उभा होता. एवढा उशीर का होतोय? आज तर शनिवार होता.' बोलणारा अजूनही निवेदकच आहे, 'बंडू उभा होता' हे बंडू म्हणत नाही. पण प्रश्न बंडूचा आहे, शनिवारचं महत्त्वही बंडूचंच आहे. तृतीयपुरुषी निवेदन तसंच राहिलं आणि बघणारा बदलला.

या उदाहरणात आता एक उपमान घालू. 'समोरचा रस्ता कर्जाच्या हप्त्यांसारखा संपत नव्हता.' वाचक लगेच अडखळतो. सात वर्षांच्या मुलाला हप्ते कुठून ठाऊक? उपमा निवेदकाची आहे, आणि ती येताक्षणी आपण बंडूच्या शेजारून उठून एका मोठ्या माणसाच्या खुर्चीत जाऊन बसतो. त्याऐवजी 'समोरचा रस्ता एकोणतीसच्या पाढ्यासारखा संपत नव्हता' असं लिहिलं, तर आपण खिडकीशीच राहतो. सर्वनाम बदललं नाही, क्रियापद बदललं नाही. केवळ उपमानाने दृष्टिकोन ठरवला.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती देता येईल अशी ही सर्वांत उपयोगी कसोटी आहे: हे उपमान त्या पात्राच्या साठ्यात असू शकतं का? असेल तर बघणारं पात्र असण्याची शक्यता वाढते. नसेल तर निवेदकाने मध्ये तोंड घातलं आहे. आणि तसं घालणं हा दोषच असतो असंही नाही. लेखकाला पात्रापासून अंतर राखायचं असेल, पात्राची गंमत करायची असेल, तर तो मुद्दाम परका शब्द आणतो. पण अंतर पडलं आहे हे वाचकाच्या ध्यानात यायला हवं.

ही कसोटी लावून एक आख्खी कादंबरी वाचता येते. केन केसी या अमेरिकन लेखकाची 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. केसी स्टॅनफर्डला लेखनाचं शिक्षण घेत असताना कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रात्रपाळीला मदतनीस होता. कादंबरी घडते ऑरेगनमधल्या मनोरुग्णालयाच्या एका वॉर्डात. मॅकमर्फी नावाचा बेरकी, हसरा जुगारी कामाच्या शिक्षेतून सुटायला वेडाचं सोंग घेऊन तिथे येतो आणि वॉर्डवर हुकमत गाजवणाऱ्या नर्स रॅचेडशी त्याचा सामना सुरू होतो. ढोबळ कथानक एवढंच.

पण ही गोष्ट मॅकमर्फी सांगत नाही, नर्स सांगत नाही आणि सर्वसाक्षी निवेदकही सांगत नाही. ती सांगतो चीफ ब्रॉम्डन, त्याच वॉर्डातला जुना रुग्ण. त्याचे वडील अमेरिकेच्या मूलनिवासी जमातीचे प्रमुख, आई गोरी. सगळे त्याला मुकाबहिरा समजतात. तो तसा नाही, हे वाचकाला सुरुवातीपासून माहीत असतं. लेखकाला या निवडीने एक व्यावहारिक सोय मिळाली. प्रथमपुरुषी निवेदक जिथे हजर नाही तिथलं सांगू शकत नाही, ही त्या पद्धतीची जुनी अडचण. ब्रॉम्डन हातात झाडू घेऊन डॉक्टर-नर्सांच्या बैठकीतही वावरू शकतो, कारण त्याच्यासमोर बोलताना कोणी आवाज कमी करत नाही.

आता ब्रॉम्डनला काय दिसतं ते पाहा. वॉर्डात मधूनमधून धुकं पसरतं आणि ते यंत्राने सोडलं जातं. भिंतींच्या आत मोटारी घरघरतात. नर्स रागावली की ट्रॅक्टरएवढी फुगते, आणि इतर रुग्ण खोल्यांतून बाहेर यायच्या आत पुन्हा नेहमीएवढी होते. औषधाची गोळी फोडली तर आत त्याला बारीकसा इलेक्ट्रॉनिक भाग दिसतो. एक म्हातारा रुग्ण रात्री मरतो, त्याच्या आधी ब्रॉम्डनला त्याचं शरीर चिरलेलं दिसतं आणि आतून रक्ताऐवजी गंज, राख, तारा बाहेर पडतात. या सगळ्याच्या मागे एक प्रचंड यंत्रणा आहे, तिला तो 'कंबाइन' म्हणतो. शेतात कापणी आणि मळणी एकदम करणाऱ्या यंत्राचं हे नाव. रुग्णालय म्हणजे बिघडलेली माणसं दुरुस्त करून परत पाठवण्याचा त्या कंबाइनचा कारखाना.

पहिली पायरी, उपमानांची यादी करणं. यादी केली की ती एकाच दिशेला जाते: यंत्र, तारा, वीज, कारखाना, धुक्याचं यंत्र. दुसरी पायरी, हा साठा आला कुठून हे शोधणं. उत्तरं कादंबरीतच सापडतात. ब्रॉम्डनने थोडं कॉलेज केलं, त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास होता. लष्करात तो विजेच्या कामावर मदतनीस होता. दुसऱ्या महायुद्धात विमानतळ शत्रूच्या नजरेआड करायला यंत्राने कृत्रिम धुकं सोडलं जाई, ते त्याने पाहिलं होतं. रुग्णालयात त्याला दोनशेवर वेळा विजेचे झटके दिल्याचं दुसरा एक रुग्ण सांगतो. आणि त्याच्या जमातीचं कोलंबिया नदीकाठचं गाव, मासेमारीचा धबधबा, हे सगळं सरकारी धरणासाठी गेलं. त्या नदीवरचा सेलायलो धबधबा डॅल्स धरणाच्या पाण्याखाली प्रत्यक्षात गेला तो १९५७ साली, कादंबरीच्या आधी फक्त पाच वर्षं. यंत्राने या माणसाचं गाव घेतलं, बाप मोडून काढला, मग त्याच्या स्वतःच्या डोक्यात वीज सोडली. त्याच्याजवळ जग समजून घ्यायला यंत्राशिवाय दुसरं उपमान उरलं नाही, यात नवल ते काय.

तिसऱ्या पायरीला प्रकरण अवघड होतं. ब्रॉम्डन 'जणू धुकं पसरलं' असं म्हणत नाही. त्याच्या लेखी धुकं पसरतंच. त्याला नर्समध्ये यंत्र भासत नाही, दिसतं. आपण ज्याला रूपक म्हणतो ते त्याच्या दृष्टीने साधं, वस्तुस्थितीचं वर्णन आहे. मग रूपक आहे कुठे? ते बोलणाऱ्याच्या आणि वाचकाच्या मध्ये आहे. पात्र वास्तव सांगतंय, लेखक त्याच्या डोक्यावरून वाचकाला रूपक दाखवतोय. इंग्लंडमधल्या शैलीविज्ञानाच्या अभ्यासक एलेना सेमिनो यांनी केट स्विंडलहर्स्ट यांच्यासोबत १९९६ साली 'स्टाइल' या नियतकालिकात ब्रॉम्डनच्या यंत्ररूपकांवर लेख लिहिला, तो याच प्रश्नाभोवती आहे. रॉजर फाउलर यांनी १९७७ साली 'माइंड स्टाइल' अशी कल्पना मांडली होती. भाषेच्या ठरावीक, पुन्हा पुन्हा येणाऱ्या लकबींतून एखाद्या मनाची जग बघण्याची रीत तयार होते, अशी ती कल्पना. सेमिनो आणि स्विंडलहर्स्ट यांनी रूपकांचा एकसुरी वापर हीच अशी लकब असू शकते, हे ब्रॉम्डनच्या भाषेवरून दाखवलं.

पण निवेदकाला जे खरं वाटतंय ते खरं नाही, हे वाचकाला कळतं कसं? कारण सगळी माहिती तोच देतोय. इथे ब्रॉम्डनची उंची मदतीला येते. मॅकमर्फीला तो सांगतो की आपण पूर्वी मोठे होतो, आता लहान झालोय. आणि त्याच कादंबरीत इतर सगळे त्याला धिप्पाड म्हणतात. त्याची उंची सहा फूट सात इंच आहे. स्वतःविषयीचं त्याचं वाक्य आणि दुसऱ्यांच्या तोंडून त्यानेच नोंदवलेली वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत. निवेदकाचं बोलणं आणि त्यानेच दिलेले पुरावे यांत अशी फट पडली की वाचक सावध होतो. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली, म्हणजे या कादंबरीच्या आदल्याच वर्षी, अशा निवेदकाला 'अविश्वसनीय निवेदक' असं नाव दिलं होतं. ब्रॉम्डन खोटं बोलत नाही. 'लहान' हा शब्द तो उंचीविषयी वापरतो, आणि वाचक तो त्याच्या मनाविषयी ऐकतो.

चौथी पायरी, रूपकं बदलतात का ते बघणं. बदलतात. मॅकमर्फी आल्यावर धुकं विरळ होत जातं. एका रात्री ब्रॉम्डन खिडकीशी उभा राहतो. त्याला बाहेर चांदण्यात हुंगत फिरणारा एक कुत्रा आणि आकाशातून जाणारे रानहंस दिसतात. या वर्णनात तार नाही, मोटार नाही, गंज नाही. लहानपणच्या नदीकाठाच्या आठवणी परत यायला लागतात, उपमानांचा दुसरा साठा उघडतो. ब्रॉम्डन बरा होतोय, असं वाक्य लेखकाला लिहावं लागत नाही. पुढे निवेदनातली यंत्रं मागे हटत गेलेली असतात, आणि शेवटी हा माणूस एक खरंखुरं यंत्र, जलोपचाराच्या खोलीतलं मॅकमर्फीला न हललेलं नियंत्रण-पॅनेल, उचलून खिडकीवर फेकतो आणि बाहेर पडतो. यंत्र आता त्याच्या डोक्यात नाही, हातात आहे.

दृष्टिकोन काढून घेतला की काय होतं, याचा पुरावाही उपलब्ध आहे. मिलॉश फॉरमन यांनी १९७५ साली या कादंबरीवर चित्रपट केला. त्याला ऑस्करची पाच प्रमुख पारितोषिकं मिळाली. चित्रपट उत्तमच आहे. पण ब्रॉम्डनचं निवेदन त्यातून वगळलं आहे, आणि त्याबद्दल केसीने नाराजी बोलून दाखवली होती. कॅमेरा बाहेरून वॉर्डकडे बघतो. त्यामुळे धुकं नाही, कंबाइन नाही, फुगणारी नर्स नाही. तीच नर्स आता एक थंड, शिस्तप्रिय बाई म्हणून दिसते. आणखी एक गंमत होते. ब्रॉम्डनला बोलता-ऐकता येतं ही गोष्ट चित्रपटात मध्येच उघड होते आणि प्रेक्षागृहात हशा-टाळ्यांचा क्षण ठरते. कादंबरीत ती वाचकाला सुरुवातीलाच कळलेली असते. म्हणून तिथे तो धक्का नसतो, हा माणूस बोलणार कधी याची वाट बघणं असतं. घटना तीच, पण आधी कोणाला काय माहीत होतं त्यावर तिचा परिणाम बदलला.

या पद्धतीला मर्यादा आहेत, आणि ब्रॉम्डनच्याच बाबतीत त्या उघड्या पडतात. नर्सचं यंत्र होणं हे ब्रॉम्डनच्या आजारी नजरेचं चित्र म्हणून समजून घेता येतं. पण कादंबरीत एकूणच स्त्रियांचं आणि वॉर्डातल्या काळ्या मदतनीसांचं जे चित्रण येतं त्यावर पुढे बरीच टीका झाली. तिथे 'हे ब्रॉम्डनचं मत आहे, केसीचं नाही' एवढं म्हणून सुटका होत नाही. लेखक आणि निवेदक यांच्यात फट दाखवणारा दुसरा आवाज कादंबरीत नसेल, तर पूर्वग्रह कोणाचा हे सांगता येत नाही. पिनारची चूक ही की त्याने पात्राचं सगळं लेखकाच्या माथी मारलं. उलट टोकाची चूकही तेवढीच खोटी: जे जे गैर दिसेल ते निवेदकाच्या नावावर टाकून लेखकाला मोकळं सोडायचं. दोन्हींवर उपाय एकच, फट आहे असं म्हणायचं तर ती मजकुरात दाखवता आली पाहिजे.

दुसरी मर्यादा शब्दांची. प्रत्येक रूपकाला मालक शोधायचा नसतो. 'दिवस बुडाला', 'पोटात गोळा आला', 'वेळ घालवला' ही रूपकंच आहेत, पण भाषेत इतकी मुरली आहेत की ती कोणाचीच उरलेली नाहीत. ती वापरली म्हणून पात्राविषयी काही सिद्ध होत नाही. एखादी प्रतिमा ताजी असेल, किंवा एकाच क्षेत्रातल्या प्रतिमा पुन्हा पुन्हा येत असतील, तरच थांबावं. एका चुकार उपमेवर पात्राचं मन उभं करणारं उत्तर परीक्षकाला लगेच ओळखू येतं.

हा प्रश्न पश्चिमेकडून आला असं समजायचं मात्र कारण नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला. त्यात व्यंग्य अर्थ सुचवणाऱ्या गोष्टींची विभागणी करताना त्याने एक बारीक भेद केला. काही अर्थ लोकव्यवहारात संभवतात, ते स्वतःसंभवी. काही केवळ कल्पनेच्या भरारीतून उभे राहतात, त्यांना प्रौढोक्ती म्हणायचं. आणि ही प्रौढोक्ती दोघांची असू शकते: कवीची स्वतःची, किंवा कवीने काव्यात उभ्या केलेल्या वक्त्याची. या दुसऱ्या प्रकाराचं नाव कविनिबद्धवक्तृप्रौढोक्ती. अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त हा भेद जसाच्या तसा राखला. म्हणजे कल्पना कवीला सुचली की पात्राला, हा प्रश्न पॅरिसच्या त्या न्यायालयाच्या जवळजवळ हजार वर्षं आधी इथे विचारला गेला होता.

सतराव्या शतकात 'रसगंगाधर'कार जगन्नाथ पंडिताला मात्र हा स्वतंत्र प्रकार मानायची गरज वाटली नाही. पात्र तरी कवीनेच निर्माण केलं, मग पात्राची उक्ती ही शेवटी कवीचीच, असा या आक्षेपाचा गाभा. मुक्तकाच्या चार ओळींत हा आक्षेप पटतो. तिथे वक्ता येतो, एक वाक्य बोलतो आणि जातो, त्याचा साठा तयार व्हायला जागाच नसते. तीनशे पानांच्या कादंबरीत मात्र पात्राला भूतकाळ असतो, धंदा असतो, भीती असते. तिथे आनंदवर्धनाचा भेद जास्त उपयोगी पडतो.

मराठी विद्यार्थ्याला हे सगळं स्वतः तपासून बघायला एक पुस्तक अगदी हाताशी आहे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ साली आली आणि पुढे तिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तिच्यात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने स्वतःची गोष्ट सांगतात. देवयानी ऋषीची मुलगी, शर्मिष्ठा राजकन्या असून दासी झालेली, ययाति राजा. तिघांचे साठे वेगळे असायला हवेत. कागदावर तीन रकाने पाडा. प्रत्येक निवेदकाची वीस-पंचवीस पानं घ्या, त्यांतली ताजी उपमानं ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहा आणि ती आश्रमातली, राजवाड्यातली, रणांगणावरची की आणखी कुठली, याची शेजारी नोंद करा. मग नावं झाकून एखाद्या मित्राला रकाने ओळखायला सांगा. त्याला ओळखता आले तर लेखकाने तीन मनं उभी केली आहेत, आणि तो गोंधळला तर तिन्ही तोंडांनी खांडेकरच बोलताहेत. दोन्हींपैकी कोणताही निष्कर्ष निघाला तरी तो उत्तरपत्रिकेत 'सुंदर रूपक' या शब्दांऐवजी पुराव्यासकट लिहिता येईल.